९.५५ आले कुठून? लंबकाच्या प्रयोगाची ‘चर्चा’ नव्याने लिहिताना

“साध्या लंबकाचा दोलनकाळ T = 2π√(L/g) या सूत्राने मिळतो. या प्रयोगात g चे सरासरी मूल्य ९.५५ मी/से² आले. प्रमाण मूल्य ९.८ असल्याने सिद्धांत सिद्ध झाला. हवेचा विरोध, दोऱ्याचे वजन व मानवी चुका यांमुळे थोडा फरक पडला.”

विज्ञान शाखेत शिकलेल्या प्रत्येकाने असा परिच्छेद कधी ना कधी जर्नलच्या शेवटी लिहिलेला असतो. आकृती झाली, निरीक्षणांचा तक्ता झाला, आकडेमोड झाली, आता ‘चर्चा’ या मथळ्याखाली चार ओळी हव्यात, म्हणून त्या लिहिल्या जातात. यातले एकही वाक्य उघडपणे चुकीचे दिसत नाही. पण एक साधी परीक्षा घेऊन पाहा. यातला ९.५५ हा आकडा झाकला, तर उरलेला मजकूर प्रयोगशाळेत पाऊल न टाकताही लिहिता आला असता. सूत्र पुस्तकात आहे, प्रमाण मूल्य पुस्तकात आहे आणि हवा, दोरा, माणूस ही तीन कारणे मागच्या वर्षीच्या जर्नलात आहेत. प्रयोगाने काय दाखवले, ते कुठेच नाही.

हा परिच्छेद सुधारायचा तर भाषेला हात लावून भागणार नाही. त्यातला विचार उलट्या दिशेने चालला आहे: आधी सिद्धांत मांडला, मग निकाल त्याच्या शेजारी उभा केला आणि जे जुळले नाही त्याची जबाबदारी हाताला लागेल त्या कारणावर टाकली. चर्चेने तक्त्यापासून निघायचे असते. आकड्यांनी काय केले ते आधी सांगायचे, ते कशामुळे झाले असेल ते नंतर. उदाहरणासाठी हाच प्रयोग घेऊ आणि ही चर्चा पायरीपायरीने पुन्हा लिहून पाहू.

प्रयोग परिचित आहे. दोऱ्याच्या टोकाला पितळी गोळा बांधायचा, दुसरे टोक स्टँडला घट्ट धरायचे, गोळा थोडा बाजूला ओढून सोडायचा आणि स्टॉपवॉचवर २० दोलनांचा वेळ घ्यायचा. लांबी बदलत हेच पुन्हा करायचे. समजा, तक्त्यात अशा नोंदी आहेत आणि प्रत्येक वेळ तीन वाचनांची सरासरी आहे. दोऱ्याची लांबी ४० सेंटीमीटर असताना २० दोलनांना २५.९ सेकंद लागले. ६० सेंटीमीटरला ३१.५, ८० ला ३६.३ आणि १०० ला ४०.५ सेकंद. सूत्रात घालून प्रत्येक नोंदीवरून g काढला तर अनुक्रमे ९.४२, ९.५५, ९.५९ आणि ९.६३ येतो. या चारांची सरासरी म्हणजे ते ९.५५.

आता सूत्र बाजूला ठेवून नुसते हे चार आकडे पाहायचे. महाराष्ट्रात g चे मूल्य साधारण ९.७८ ते ९.७९ आहे. पुष्कळ जर्नलांत तुलनेसाठी ९.८१ लिहिलेले असते, पण ते मूल्य विषुववृत्तापासून बरेच दूर असलेल्या प्रदेशातले आहे. तर पहिली गोष्ट अशी की चारही मूल्ये एकाच बाजूला, म्हणजे कमी आली आहेत. दुसरी गोष्ट जास्त बोलकी आहे: लांबी वाढत गेली तसा g वाढत गेला, आणि एकदाही मागे वळला नाही. गुरुत्व त्वरणाला आपल्या दोऱ्याच्या लांबीशी काही देणेघेणे नसते. तरीही आकडे लांबीबरोबर सरकत आहेत, म्हणजे लांबीशी किंवा वेळेशी संबंधित काहीतरी नेमाने चुकते आहे.

सरासरी काढली की ही चढण नाहीशी होते. मूळ परिच्छेदाचे सर्वांत मोठे नुकसान मला तिथेच झालेले दिसते. ज्या आकड्यांत उत्तर होते ते एकत्र करून एक आकडा केला आणि मग त्या एकाच आकड्याचा खुलासा करायला घेतला. एक आकडा कमी का आला याची दहा कारणे सांगता येतात. चार आकडे याच क्रमाने का चढले, याची कारणे फारच थोडी असतात.

आलेखही हेच सांगतो, थोड्या वेगळ्या शब्दांत. आडव्या अक्षावर दोऱ्याची लांबी आणि उभ्या अक्षावर दोलनकाळाचा वर्ग घेतला तर चारही बिंदू जवळपास एका सरळ रेषेवर पडतात. रेषेचा चढ ४.०४ से²/मी येतो आणि त्यावरून g निघतो ९.७७, म्हणजे अपेक्षित मूल्याच्या अगदी जवळ. पण ही रेषा मूळबिंदूतून जात नाही. ती उभ्या अक्षाला सुमारे ०.०६ से² इतक्या उंचीवर छेदते. इथे पुष्कळ विद्यार्थी पट्टी मूळबिंदूवर टेकवून रेषा ओढतात, कारण सूत्रानुसार लांबी शून्य असेल तर दोलनकाळही शून्य हवा. तसे केले की g पुन्हा ९.५९ वर घसरतो आणि आलेखाने दिलेली खूण पुसली जाते. सिद्धांताला आधी बोलू दिले की असे होते. बिंदू जिथे आहेत तिथूनच रेषा जाऊ द्यायची आणि ती मूळबिंदूला का चुकली, हे विचारायचे.

इथपर्यंतचा मजकूर चर्चेचा पहिला भाग झाला. त्यात एकही कारण नाही, फक्त जे दिसले ते आहे: सरळ रेषा, तिचा चढ, तिचा छेद आणि लांबीबरोबर चढत जाणारा g. सिद्धांताची गरज आता पडते. रेषा सरळ आहे याचा अर्थ दोलनकाळाचा वर्ग लांबीच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे सूत्राचा गाभा इथे दिसतोच आहे. खुलासा हवा आहे तो छेदाला.

मूळ परिच्छेदात तीन कारणे होती. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: हे खरे असते, तर आकडे कसे दिसले असते?

आधी हवा. हवा गोळ्याला किंचित वर उचलते आणि थोडी हवा गोळ्याबरोबर हालतेही. पण पितळ हवेच्या काही हजार पट जड असते, त्यामुळे g मध्ये यामुळे येणारी घट ०.००२ च्या आसपास राहते. आपली तूट ४० सेंटीमीटरच्या नोंदीत जवळपास ०.३७ आहे. हवेचा विरोध झोका हळूहळू लहान करतो हे खरे, पण झोक्याचा काळ त्याने एवढा बदलत नाही. हे कारण शंभराहून जास्त पटींनी अपुरे पडते.

दोऱ्याचे वजन हे त्याहून चमत्कारिक कारण आहे. वजनदार दोऱ्याचे वस्तुमान वरपासून खालपर्यंत पसरलेले असते, म्हणून लंबक थोडा आखूड असल्यासारखा वागतो आणि दोलनकाळ घटतो. दोलनकाळ घटला की g वाढतो. आपला g तर कमी आला आहे! म्हणजे वर्षानुवर्षे जर्नलांत लिहिले जाणारे हे कारण या निकालाला उलट दिशेने ढकलते. शिवाय साठेक ग्रॅमच्या गोळ्यापुढे शिवणाच्या दोऱ्याचा परिणाम नगण्यच असतो. कारण लिहिण्याआधी त्याची दिशा तपासली असती, तर हे वाक्य कागदावर आलेच नसते.

उरली मानवी चूक. हे शब्द कारण म्हणून लिहायचेच नाहीत, असे माझे ठाम मत आहे, कारण त्यांत कोणती चूक आणि तिने काय केले हे दोन्ही सांगायचे राहून जाते. स्टॉपवॉचचे बटण दाबताना हात कधी लवकर, कधी उशिरा चालत असेल, तर आकडे खऱ्या मूल्याच्या दोन्ही बाजूंना विखुरतील. इथे सगळे एकाच बाजूला आहेत. गोळा सोडतानाच ‘एक’ म्हणून मोजणी सुरू केली असेल, तर प्रत्यक्षात १९ दोलनेच मोजली जातात, दोलनकाळ ५ टक्क्यांनी कमी येतो आणि g दहा टक्क्यांहून जास्त वाढतो. तेही इथे घडलेले नाही. पण तिसरी एक शक्यता आहे आणि ती सहज सोडून देता येत नाही. बटण बंद करताना दर वेळी साधारण ०.४ सेकंदांचा उशीर होत असेल, तर हा ठरावीक उशीर लहान लंबकाच्या कमी वेळात जास्त जाणवेल, मोठ्यात कमी, आणि g आपल्या तक्त्यासारखाच लांबीबरोबर चढेल. चालू करतानाही तेवढाच उशीर झाला तर दोन्ही उशीर एकमेकांना कापतात, म्हणून ही शक्यता कमी वाटते. तिचा उल्लेख मात्र चर्चेत यायला हवा.

मूळ परिच्छेदात नसलेले एक कारणही पाहायला हवे: झोक्याचा कोन. T = 2π√(L/g) हे सूत्र लहान झोक्यापुरतेच खरे असते. झोका मोठा झाला की दोलनकाळ वाढतो आणि g कमी निघतो, म्हणजे दिशा बरोबर आहे. प्रत्येक वेळी गोळा सारखाच, समजा १० सेंटीमीटर बाजूला ओढला असेल, तर आखूड लंबकाचा कोन मोठा होतो आणि लांबीबरोबर g चढण्याचे कारणही मिळते. मग किती, ते काढू. ४० सेंटीमीटरच्या लंबकाला १० सेंटीमीटर ओढले तर कोन १४ अंशांच्या आसपास येतो आणि g मध्ये घट पडते ती सुमारे ०.०८. पूर्ण ०.३७ ची तूट झोक्याच्या नावावर टाकायची तर कोन ३२ अंशांचा हवा. एवढा मोठा झोका प्रयोग करणाऱ्याच्या नजरेतून सुटणार नाही. तूट थोडी इथून आली असेल, सगळी नाही.

आता छेदाकडे परत जाऊ. रेषा डावीकडे वाढवली तर ती आडव्या अक्षाला शून्याच्या मागे १.४५ सेंटीमीटरवर भेटते. म्हणजे या आलेखाच्या मते दोऱ्याची लांबी शून्य केली तरी लंबकाला जवळपास दीड सेंटीमीटर लांबी उरते. लंबकाची लांबी टांगलेल्या बिंदूपासून गोळ्याच्या केंद्रापर्यंत मोजायची असते. आपल्या तक्त्यात स्तंभाचा मथळा आहे ‘दोऱ्याची लांबी’. गोळ्याचा व्यास त्याच जर्नलमध्ये आधीच्या पानावर व्हर्निअर कॅलिपरने मोजून ठेवला आहे, समजा २.४० सेंटीमीटर. त्रिज्या १.२० आणि वरचा हूक ०.३ सेंटीमीटर, मिळून १.५. आलेख १.४५ म्हणतो, व्हर्निअर १.५ म्हणतो, आणि दोघांनी एकमेकांना विचारलेले नाही.

प्रत्येक लांबीत १.५ सेंटीमीटर मिळवून g पुन्हा काढला तर ९.७७, ९.७९, ९.७७, ९.७७ येतो. तूट गेली आणि चढणही गेली. या दोनपैकी दुसरी गोष्ट मला जास्त पटते. तूट भरून काढणे सोपे असते, कोणताही सोयीचा आकडा मिळवला की ती भरते. चार वेगवेगळ्या तुटी एकाच दुरुस्तीने एकदम भरून निघणे तितके सोपे नसते.

इथे एक मोह टाळायला हवा. किती लांबी मिळवायची, हे ९.७९ यावे म्हणून ठरवायचे नाही. ती व्हर्निअरच्या नोंदीवरूनच घ्यायची. उत्तर पाहून दुरुस्ती ठरवली तर चर्चा पुन्हा उलटी चालू लागते, फक्त या वेळी जरा सफाईने. खात्री किती आहे हेही मोजूनमापून लिहायचे. वेळेत ०.१ सेकंद इधर-उधर धरले तर छेदावरून निघालेल्या १.४५ मध्ये सुमारे ०.७ सेंटीमीटरची अनिश्चितता राहते. म्हणून ‘आलेखाने सिद्ध झाले’ असे लिहिता येत नाही. ‘आलेखाचा छेद गोळ्याच्या मोजलेल्या मापाशी सुसंगत आहे’ एवढे लिहिता येते, आणि तेवढे पुरेसेही आहे.

लंबकाच्या इतिहासात ही चाल एकदा फार मोठ्या प्रमाणावर खेळली गेली. १६७२ साली फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ज्यां रिशे दक्षिण अमेरिकेतल्या काएन इथे होता. पॅरिसमध्ये बरोबर चालणारे लंबकाचे घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडत होते. वेळ जुळावी म्हणून त्याला लंबक पॅरिसच्या मापापेक्षा तीनेक मिलिमीटर आखूड करावा लागला. रिशेने हे निरीक्षण म्हणूनच नोंदवले. काहींना वाटले की उष्ण प्रदेशात लंबकाची दांडी प्रसरण पावली असेल. हे कारण योग्य दिशेचे होते, कारण लांब लंबक हळू चालतो. न्यूटनने ‘प्रिन्सिपिया’त हाच विचार तपासला. उष्णतेने होणारी वाढ दिसलेल्या फरकाला पुरत नाही हे दाखवून त्याने खुलासा वेगळीकडे ठेवला: पृथ्वी फिरते, विषुववृत्ताजवळ ती फुगलेली आहे, म्हणून तिथे गुरुत्व कमी आहे. आधी घड्याळ किती मागे पडले, मग कोणते कारण किती पुरते, आणि शेवटी पृथ्वीचा आकार. उलट क्रमाने गेला असता, तर घड्याळाची अडीच मिनिटे कुणीही ‘उष्ण हवामानामुळे थोडा फरक’ म्हणून खपवली असती.

आता सुधारलेली चर्चा अशी उभी राहते:

“T² आणि दोऱ्याची लांबी यांचा आलेख सरळ रेषा आला, म्हणजे T² लांबीच्या प्रमाणात वाढतो. चढावरून g = ९.७७ मी/से² मिळाला. मात्र रेषा मूळबिंदूतून जात नाही, ती उभ्या अक्षाला ०.०६ से² वर छेदते. एकेका नोंदीवरून काढलेला g ४० सेंमीला ९.४२ आणि १०० सेंमीला ९.६३ असा लांबीबरोबर वाढत गेला. हवेमुळे होणारी घट (सुमारे ०.००२) हा फरक समजावण्यास फार अपुरी आहे. मोठ्या झोक्याने g कमी होतो, पण सगळ्या फरकासाठी सुमारे ३२ अंशांचा कोन लागला असता. छेदावरून लांबीत १.४५ सेंमी (अनिश्चितता सुमारे ०.७) तूट दिसते. आम्ही फक्त दोरा मोजला होता. गोळ्याची त्रिज्या व हूक मिळून १.५ सेंमी होतात. साध्या लंबकाच्या सूत्रात L ही केंद्रापर्यंतची लांबी असल्याने ही भर घातली असता चारही मूल्ये ९.७७ ते ९.७९ या दरम्यान आली. घड्याळ थांबवताना दर वेळी सुमारे ०.४ सेकंद उशीर झाल्यासही असाच कल दिसू शकतो. या नोंदींवरून तो पूर्णपणे नाकारता येत नाही.”

मूळच्या चार ओळींपेक्षा हे लांब आहे, पण यातला एकही शब्द मागच्या वर्षीच्या जर्नलातून उचलता येणार नाही. सूत्र आले आहे, पण शेवटाकडे आणि कामापुरते, L म्हणजे नेमके काय हे सांगायला. आधी आले असते तर त्याने काहीच समजावले नसते, कारण समजावण्यासारखे काही वाचकासमोर अजून ठेवलेले नव्हते. ‘सिद्धांत सिद्ध झाला’ हे वाक्यही गेले. चार नोंदींच्या एका प्रयोगाने तो सिद्ध होत नाही, आणि ९.५५ आले म्हणून मोडतही नाही.

ही चर्चा लिहिणाऱ्याला पुढच्या प्रॅक्टिकलला काय करायचे, हेही आता ठाऊक असते. ‘अधिक काळजी घ्यावी’ असे नुसते म्हणायचे नाही. दोरा ४० सेंटीमीटरच ठेवायचा आणि २० ऐवजी ५० दोलने मोजायची. चूक लांबीच्या मोजणीत असेल तर ५० दोलनांना ६४.७ सेकंदांच्या आसपास लागतील आणि नुसत्या दोऱ्यावरून काढलेला g ९.४ च्या जवळच राहील. बटणाचा ठरावीक उशीर असेल तर तो उशीर आता अडीचपट दोलनांत विभागला जाईल, वेळ ६४.० च्या जवळ येईल आणि g ९.६५ च्या आसपास चढेल. दोन्हींत पाऊण सेकंदाच्या आसपास फरक आहे. तीन-चार वाचनांची सरासरी घेतली तर साध्या स्टॉपवॉचवरही तो दिसतो.